बांधाच्या शेजाऱ्याला पहिले पत्र

शेताचा बांध एका रात्रीत सरकत नाही. उन्हाळ्यात नांगरट करताना शेजारच्या ट्रॅक्टरचे एखादे तास बांधाच्या पोटात जाते. पावसाळ्यात तिथली माती खचते आणि पुढच्या वर्षी आणखी एक तास जाते. आपल्याकडे याला बांध कोरणे म्हणतात. पाच-सात वर्षांनी धाकट्या पिढीतला कोणीतरी सातबारावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र ताडून पाहतो आणि घरात पहिल्यांदा तो विषय निघतो. इथून बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी घडताना मी पाहिल्या आहेत. एक तर बांधावर बाचाबाची होते आणि प्रकरण पोलीस ठाण्यात जाते, किंवा थेट वकिलाची नोटीस जाते आणि तीन पिढ्यांचे येणे-जाणे बंद होते. या दोहोंच्या आधी एक पायरी आहे आणि ती कोणी फारशी वापरत नाही. मालकाने स्वतःच्या साध्या भाषेत, मोजमापासह आणि सहीनिशी लिहिलेले मागणीपत्र.

खासगी माणसाने आपली जमीन बळकावली असेल, तर दाव्यापूर्वी त्याला नोटीस दिलीच पाहिजे असे कायदा सांगत नाही. ते बंधन सरकारविरुद्धच्या दाव्याला आहे. त्यामुळे हे पत्र कायद्याच्या धाकाने लिहायचे नसते. शेजाऱ्याला नेमके काय झाले ते कळावे, ते दुरुस्त करायला त्याला वाट आणि वेळ मिळावा, यासाठी ते असते. मात्र उद्या प्रकरण न्यायालयात गेले, तर हाच कागद न्यायाधीशांसमोर येऊ शकतो. म्हणून शेजाऱ्याला समजेल इतके सोपे आणि न्यायालयात आपल्यालाच अडचणीत आणणार नाही इतके जपून, असे ते लिहावे लागते.

पत्राआधी मोजणी हवी. डोळ्यांचा अंदाज, गावातल्या जुन्या माणसाची आठवण किंवा मोबाइलवरच्या नकाशातली रेघ यांच्या भरवशावर केलेली मागणी पहिल्याच प्रश्नाला कोसळते. ‘कशावरून?’ हा तो प्रश्न. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करता येतो. मोजणीची तारीख लगतच्या कब्जेदारांना कळवली जाते, भूकरमापक जागेवर येतो, मूळ अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट यांचा मेळ घालतो. त्यानंतर अर्जदाराला नकाशाची ‘क’ प्रत मिळते. अभिलेखाप्रमाणे हद्द कुठे आणि वहिवाट कुठपर्यंत, हे त्या नकाशावर वेगवेगळ्या रेघांनी दाखवलेले असते आणि अतिक्रमण असल्यास त्याचे क्षेत्र लिहिलेले असते. पत्राचा सारा जोर या एका कागदावर उभा राहतो. मोजणीच्या दिवशी शेजारी हजर होता का, त्याने पंचनाम्यावर सही केली का, हरकत घेतली का, हेही त्याच दिवशी टिपून ठेवावे. त्याला मोजणी मान्य नसेल, तर तो निमताना मोजणी मागू शकतो. तो मार्ग त्याला मोकळा आहे, हे आपल्या पत्रात लिहिले तर आपली बाजू दुबळी होत नाही. उलट पत्र लिहिणारा सरळ वागतो आहे, हे त्यातून दिसते.

एक उदाहरण घेऊ. ऊसपट्ट्यातले एक गाव, गट क्रमांक २१४ आपला आणि उत्तरेला लागून २१५ शेजाऱ्याचा, असे धरू. आपला गट १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळपास तीन एकर. दोन्ही गटांतला बांध पूर्व-पश्चिम १८० मीटर लांब आहे. मोजणीत असे निघाले, की पूर्वेच्या टोकाला शेजाऱ्याची वहिवाट १ मीटर आत आली आहे आणि पश्चिमेच्या टोकाला २ मीटर. मधली रेघ सरळ असल्याने सरासरी रुंदी दीड मीटर धरता येते. १८० गुणिले दीड म्हणजे २७० चौरस मीटर. सातबाराच्या हिशोबात हे २.७ आर होते आणि गावच्या बोलीत अडीच गुंठ्यांहून थोडे जास्त. त्या पट्ट्यात आज शेजाऱ्याचा ऊस उभा आहे.

हा हिशोब पत्रात असाच्या असा यावा, कारण ‘तुम्ही आमची जमीन खाल्ली’ हे वाक्य आणि ‘पश्चिम टोकाला दोन मीटर’ हे वाक्य यांचा परिणाम फार वेगळा होतो. पहिल्या वाक्यावर माणूस चिडतो. दुसरे वाचून तो टेप घेऊन बांधावर जाऊ शकतो, मुलाला सोबत नेऊ शकतो, मोजून पाहू शकतो. मागणी तपासता येण्यासारखी असली, की तिच्यावर भांडण्याऐवजी बोलणे शक्य होते.

आता पत्र कोणाला आणि कोणाच्या सहीने, ते पाहू. शेजारच्या सातबारावर जितकी नावे आहेत, तितक्या सगळ्यांना ते जायला हवे. थोरल्या भावाला दिलेले पत्र धाकट्याने पाहिलेच नाही, ही तक्रार पुढे हमखास येते. जमीन वाटेकरी कसत असेल, तर त्यालाही प्रत द्यावी, कारण नांगर त्याचा चालतो. आपल्या सातबारावर बहिणी, चुलते अशी सामाईक नावे असतील, तर शक्य तितक्या सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. एकट्या सहहिस्सेदारालाही परक्याच्या अतिक्रमणाविरुद्ध उभे राहता येते, पण सगळ्यांच्या सह्या असल्या म्हणजे ‘तुमच्या घरातच एकमत नाही’ हे उत्तर संपते.

वरच्या उदाहरणातले पत्र मी असे लिहीन:

‘दिनांक २ फेब्रुवारी २०२६

आदरणीय तात्या आणि गट क्रमांक २१५ चे सर्व खातेदार यांस,

सप्रेम नमस्कार. गट क्रमांक २१४, क्षेत्र १ हेक्टर २० आर, ही जमीन आमच्या मालकीची आहे. तुमचा गट २१५ आमच्या उत्तरेला लागून आहे. दिनांक १२ जानेवारी २०२६ रोजी भूमी अभिलेख कार्यालयाच्या भूकरमापकांनी आमच्या गटाची हद्द कायम मोजणी केली. त्या वेळी तुम्ही जागेवर हजर होता. मोजणीच्या “क” प्रतीची छायाप्रत सोबत जोडली आहे.

या मोजणीप्रमाणे आमच्या उत्तर हद्दीच्या आत, १८० मीटर लांबीत, पूर्व टोकाला १ मीटर आणि पश्चिम टोकाला २ मीटर रुंदीचा पट्टा तुमच्या वहिवाटीत आहे. त्याचे क्षेत्र २७० चौरस मीटर, म्हणजे २.७ आर आहे. हा पट्टा आमच्या मालकीचा आहे आणि तो वापरण्यास आम्ही तुम्हाला परवानगी दिलेली नाही.

त्या पट्ट्यात सध्या तुमचा ऊस उभा आहे. उभ्या पिकाचे नुकसान व्हावे अशी आमची इच्छा नाही. हा ऊस तोडून न्यावा, मात्र तेवढ्या पट्ट्यात खोडवा ठेवू नये आणि दिनांक १५ एप्रिल २०२६ पर्यंत पट्टा मोकळा करून आमच्या ताब्यात द्यावा. मोजणीत रोवलेल्या हद्दीच्या खुणा कोणीही हलवू नयेत.

मोजणीबद्दल तुम्हाला शंका असेल, तर या महिन्यात कोणत्याही रविवारी सकाळी आपण दोन्ही घरची माणसे बांधावर भेटू आणि खुणांपासून टेपने मोजून पाहू. मोजणी मान्य नसेल, तर निमताना मोजणीचा अर्ज तुम्ही करू शकता. तसा अर्ज केल्यास त्याची पोच आम्हाला द्यावी.

या पत्राचे लेखी उत्तर २० फेब्रुवारीपर्यंत द्यावे. वरील मुदतीत पट्टा मोकळा झाला नाही, तर ताबा मिळवण्यासाठी कायदेशीर मार्गाने जावे लागेल. ऊस काढून नेण्यासाठी दिलेली ही मुदत म्हणजे पट्टा वापरण्याची परवानगी नाही आणि या पत्राने आमचा कोणताही हक्क आम्ही सोडलेला नाही.

कळावे, लोभ असावा.’

खाली सह्या, पत्ते, आणि जोडलेल्या कागदांची नोंद. ‘तुम्ही हजर होता’ हे वाक्य तो खरोखर हजर असेल तरच ठेवायचे. पत्रातले एक वाक्य खोटे ठरले, की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

या पत्रात काय नाही, तेही बघण्यासारखे आहे. किती वर्षांपासून अतिक्रमण आहे, याचा अंदाज त्यात नाही. रागाच्या भरात लोक लिहून जातात, ‘गेली पंधरा वर्षे तुम्ही आमची जमीन वापरता आहात’. त्यांना जोर आणायचा असतो, पण मालकीच्या आधारे ताबा परत मागण्याची मुदत, शेजाऱ्याचा ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध झाल्यापासून बारा वर्षांची आहे. इतका काळ उघड, अखंड आणि हक्क नाकारून ताबा चालला असेल, तर शेजारी प्रतिकूल कब्जाचा दावा करू शकतो. तुमच्याच सहीच्या कागदावर ‘पंधरा वर्षे’ असे असेल, तर त्याच्या वकिलाचे अर्धे काम तुम्ही करून ठेवले. खरे लपवावे असे मी म्हणत नाही. जे मोजणीत दिसले आणि जे तुम्हाला पक्के माहीत आहे, तेवढेच लिहा. आणि काळ खरोखरच बाराच्या जवळ आला असेल, तर पत्र लिहीत बसू नका, आधी वकिलाकडे जा.

इथे एक गैरसमज फार नुकसान करतो. पत्र दिले म्हणजे मुदतीचे घड्याळ थांबले, असे लोक धरून चालतात. साध्या पत्राने ते थांबत नाही आणि वकिलाच्या नोटिशीनेही थांबत नाही. ते थांबते दावा दाखल झाल्यावर. ज्याला नुकतेच, त्याच्या संमतीवाचून आणि कायद्याची प्रक्रिया न करता जमिनीवरून हुसकावले आहे, त्याला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली मालकीच्या वादात न शिरता ताबा परत मागता येतो. पण त्याची मुदत फक्त सहा महिन्यांची आहे. मागच्या दिवाळीनंतर कोणी तुमच्या हद्दीत तारेचे कुंपण घातले असेल आणि तुम्ही पत्रात पुढच्या दिवाळीपर्यंतची मुदत दिली, तर हा सोपा मार्ग तुम्ही आपल्याच हाताने बंद केला. पत्रातली तारीख ठरवताना शेजाऱ्याचे पीक पाहावे तसे हे घड्याळही पाहावे.

पत्रात तडजोडीचा आकडाही नाही. ‘पट्टा सोडा, नाही तर इतके पैसे द्या’ असे वाक्य मागणीपत्रात आले, की मागणी जमिनीची आहे की पैशांची, असा प्रश्न उभा राहतो. शिवाय अडीच गुंठ्यांचा तुकडा तोडून शेजाऱ्याला विकणे वाटते तितके सोपे नाही, तिथे तुकडेबंदीचा कायदा आड येऊ शकतो. दोघांचीही एकमेकांच्या गटात जुनी वहिवाट निघाली, तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. किमान बारा वर्षे एकमेकांची शेतजमीन एकमेकांच्या ताब्यात असेल, तर नाममात्र मुद्रांक व नोंदणी शुल्कात अदलाबदलीचा दस्त करण्याची तीत सोय आहे. असा मार्ग दिसत असेल, तर तलाठ्याकडे चौकशी करून तो वेगळ्या बैठकीत बोलावा. मागणी आणि तडजोड एका कागदात मिसळू नये.

धमकी तर मुळीच नको. ‘पोलिसांत देऊ’, ‘जेसीबी लावू’, ‘बघून घेऊ’ असे शब्द लिहिणाऱ्याचा राग हलका करतात आणि उलट्या तक्रारीला पुरावा पुरवतात. आपल्याच जमिनीवर आपणच ट्रॅक्टर घालून उभे पीक मोडणे, हा तर मालकाने स्वतःच्या पायावर मारलेला धोंडा. मग अतिक्रमण बाजूला राहते आणि पिकाच्या नुकसानीचा आरोपी म्हणून मालकच उभा राहतो. हे मी कळकळीने सांगतो, कारण मालकी पूर्ण खरी असलेली माणसे याच एका कृतीने वर्षानुवर्षे अडकलेली आहेत.

परवानगीचा मुद्दा नाजूक आहे. वडिलांनी कधीकाळी शेजाऱ्याला ‘तेवढा कोपरा वापर’ असे तोंडी सांगितले असेल, तर ते लपवू नका. परवानगीने आलेला ताबा आपोआप प्रतिकूल होत नाही, त्यामुळे ही माहिती बहुतेक वेळा मालकाच्याच कामी येते. अशा वेळी ‘परवानगी दिलेली नाही’ हे वाक्य बदलून, कोणी आणि कशासाठी वापर दिला होता ते लिहावे आणि ती परवानगी आता मागे घेत आहोत, असे म्हणावे. मात्र समोरचा माणूस खंड देत होता, पीकपाहणीत त्याचे नाव लागले आहे किंवा तो कूळ असल्याचे म्हणतो आहे, असे असेल तर हे पत्र त्याच्यासाठी नाही. तो प्रश्न कूळ कायद्याचा होतो आणि तिथे साधे पत्रसुद्धा वकिलाला दाखवल्याशिवाय देऊ नये.

भाऊबंदकीतही सावध राहावे लागते. एकाच गटात तीन भावांची नावे आहेत, तोंडी वाटणीने जो तो आपापला तुकडा कसतो, पण पोटहिस्से सरकारी दप्तरात मोजून पडलेले नाहीत, अशी स्थिती गावोगाव आहे. तिथे मधला बांध सरकला, तर तो अभिलेखातल्या कोणत्या रेघेवरून सरकला, हे दाखवायला रेघच नसते. अशा ठिकाणी आधी वाटप व्हायला हवे. अतिक्रमणाचे पत्र तिथे नुसते भांडण वाढवते.

पत्र लिहून झाले की ते पोचवण्याचीही रीत आहे. शक्य असेल तर स्वतः जा, सोबत गावातली दोन मध्यस्थ माणसे घ्या. तुमच्यावर आणि त्याच्यावर दोघांवरही गावाचा विश्वास असलेली. पत्र हातात द्या, वाचून दाखवा आणि आपल्याकडच्या प्रतीवर ‘पोहोचले’ अशी तारखेसह सही मागा. अनेक ठिकाणी प्रकरण इथेच मिटते, कारण मीटर आणि तारीख पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्यासमोर शांतपणे ठेवलेली असते. सही नाकारली तर वाद घालू नका, त्याच दिवशी तेच पत्र टपालाने पाठवा. जुनी नोंदणीकृत टपाल सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, म्हणून काउंटरवर नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोहोच मागावी. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आले, तर ते फोडू नये. बंदच्या बंद ठेवावे, तो शेराच पुरावा असतो.

उत्तर आले, तर ते नीट वाचा. ‘ऊस गेल्यावर पट्टा सोडतो’ असे सहीनिशी लिहून आले आणि बारा वर्षे अजून पुरी व्हायची असतील, तर त्या एका ओळीचे मोल फार आहे, कारण हक्क तुमचा असल्याचे त्याने स्वतः मान्य केले. ‘बांध आमच्या आजोबांपासून इथेच आहे’ असे आले, तर तो पुढच्या दाव्यातला त्याचा बचाव आहे. त्यावर पत्रापत्री करत बसण्यात अर्थ नाही. आणि कोऱ्या किंवा अर्धवट लिहिलेल्या समझोत्यावर, मध्यस्थ कितीही जवळचा असला तरी, सही करू नका.

मुदत उलटून गेली आणि काही झाले नाही, तर पुढचे काम वकिलाचे. तो नोटीस पाठवेल, दिवाणी न्यायालयात ताबा आणि मनाईचा दावा लावेल, न्यायालय गरज वाटल्यास आपल्या आयुक्तामार्फत पुन्हा मोजणी करून घेईल. हद्द रीतसर निश्चित झालेली असेल, तर चुकीच्या कब्जेदाराला हटवण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १३८ ने जिल्हाधिकाऱ्यांनाही दिला आहे. यातला कोणता मार्ग आपल्या प्रकरणात बसतो, ते वकील कागद बघून सांगेल. त्याच्याकडे जाताना सातबारा, फेरफार, खरेदीखत किंवा वारसनोंद, मोजणीची ‘क’ प्रत, दिलेले पत्र, पोचेची सही किंवा परत आलेले पाकीट, आणि पट्ट्याचे तारखेसह काढलेले फोटो एका फाइलमध्ये लावून न्या. आणि हे सगळे पावसाळी मशागत सुरू होण्याआधी करा. एकदा नव्या पिकाची लागण झाली, की ते पीक निघेपर्यंत पट्टा प्रत्यक्षात ताब्यात मिळणे अवघड होते.